आई कामावर, बाळ आजीकडे, फ्रिज तिसरीकडे: काढलेलं दूध उन्हाळ्यात कसं पोहोचवायचं

मी आरोग्यसेविका आहे, यवतमाळ जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रावर. बायांना अंगावरचं दूध काढून ठेवायला सांगणं हे माझ्या कामातच येतं. पण सांगणं वेगळं आणि एप्रिलच्या उन्हात रोज निभावणं वेगळं, हे मला धाकट्या बहिणीच्या वेळेस कळलं. ती तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेत कॅशियर आहे. रजा संपली तेव्हा मुलगी साडेचार महिन्यांची होती. घरी सासूबाई गुडघ्यांनी बेजार, त्यामुळे लेकरू आमच्या आईकडे ठेवायचं ठरलं. आईचं गाव बहिणीच्या रस्त्यातच पडतं, पण आईकडे फ्रिज नाही. फ्रिज बहिणीच्या घरी. ऑफिसातही नाही. बाहेर 43 अंश, आणि लाईन कधी जाईल याचा नेम नाही.

लसीकरणाच्या दिवशी आम्ही लसीची पेटी गावोगाव नेतो, तेव्हा डिपोपासून बाळाच्या दंडापर्यंत लस एकदाही तापू नये यासाठी सगळी धडपड असते. दुधाचंही मी तसंच मांडलं: काढल्यापासून बाळाच्या तोंडात जाईपर्यंत ते एकदा थंड झालं की परत तापायला नको. (सरकारी लसपेटी मात्र दुधासाठी मागू नका. ती फक्त लसीसाठीच असते, आणि मी बहिणीलाही दिली नाही.)

आधी हिशोब

बाया विचारतात, किती दूध ठेवायचं? एक ते सहा महिन्यांचं अंगावर पिणारं बाळ दिवसाला साधारण 750 ते 800 मिली दूध पितं. म्हणजे आई दूर असलेल्या दर तासाला 30 मिली धरायचं. बहीण सकाळी नऊला आईच्या घरी पोहोचायची, तिथेच बसून मुलीला पाजायची आणि मगच निघायची. संध्याकाळी सव्वासहाला परत आली की पहिलं काम पुन्हा पाजायचं. मधले नऊ तास, म्हणजे 270 मिली. 80-80 च्या तीन डब्या, आणि 50 ची एक राखीव.

घरून निघताना न पाजता आजीच्या दारात पाजायचं, ही गोष्ट वरवर क्षुल्लक वाटते. त्यामुळे पाऊण तासाचा प्रवास हिशोबातून निघून गेला आणि रोज वीस-पंचवीस मिली दूध कमी काढावं लागलं.

काढण्याच्या वेळा अशा बसल्या. पहाटे साडेपाचला, मुलगी एका बाजूला पिऊन झोपली की दुसऱ्या बाजूचं काढायचं, 70 ते 80 मिली. पहाटे दूध जास्त असतं. ऑफिसात पावणेबाराला साधारण 90, सव्वातीनला 80. बेरीज 250 च्या आसपास, म्हणजे हिशोबापेक्षा थोडी कमीच. ते चालतं. लेकरं दिवसा थोडं कमी पितात आणि आई आली की रात्रभर वसूल करतात. बहिणीच्या मुलीनं तेच केलं, आणि बहिणीच्या डोळ्याखाली काळं आलं ते त्यानंच.

यातली मुख्य गंमत अशी की आज ऑफिसात काढलेलं दूध आजचं नसतं, ते उद्याचं असतं. संध्याकाळी ते घरच्या फ्रिजमध्ये जातं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आजीकडे. रोज ताजं जातं, गोठवलेल्याला हात लावावा लागत नाही. गोठवलेला साठा फक्त अडीअडचणीला.

काढायचं कसं

आमच्याकडे हातपंप म्हटलं की बोअरिंग आठवतं, म्हणून मी ‘दूध काढायचा पंप’ असंच म्हणते. हातानं दाबायचा साधा पंप हजाराच्या आत-बाहेर मिळतो. विजेचा महाग, आणि लाईन गेली की निरुपयोगी, चार्जिंगचा असेल तर गोष्ट वेगळी. माझं मत विचाराल तर आधी नुसत्या हातानं काढायला शिका. त्याला एकच भांडं उकळावं लागतं, काही तुटत नाही, आणि पंप बिघडला त्या दिवशी छाती दगडासारखी होऊन बसत नाही.

कामावर जायच्या दोन-तीन आठवडे आधी सुरुवात करा. साबणानं हात धुवा, नखं कापलेली हवीत. रुंद तोंडाचं स्टीलचं भांडं उकळून निवलेलं. कोमट पाण्यात भिजवलेल्या फडक्यानं छाती दोन मिनिटं शेका, हलक्या हातानं बाहेरून बोंडाकडे चोळा. मग अंगठा वर आणि पहिली दोन बोटं खाली, इंग्रजी सी अक्षरासारखी, बोंडापासून तीन-चार सेंटीमीटर मागे. आधी बोटं आत छातीच्या पिंजऱ्याकडे दाबा, मग अंगठा आणि बोटं एकमेकांकडे आणा, मग सोडा. बोटं कातडीवर घसरवायची नाहीत आणि बोंड पिळायचं नाही. बाया नेमकं तेच करतात आणि मग म्हणतात, दुखते पण दूध येत नाही. दूध मागच्या बाजूला असतं, बोंडात नसतं. पहिलं मिनिटभर काहीच येणार नाही, मग थेंब, मग धार. धार मंदावली की बोटांची जागा थोडी फिरवा, चार-पाच मिनिटांनी दुसरी बाजू, पुन्हा पहिली. सगळं मिळून वीस ते तीस मिनिटं.

पंप वापरणार असाल तर त्याच्या शंकूचं माप बघा. बोंड नळीत मोकळं मागेपुढे व्हायला हवं. ते घासत असेल, पांढरं पडत असेल तर शंकू लहान आहे. आजूबाजूचा काळा भाग खूपसा आत खेचला जात असेल तर मोठा आहे. आणि काल 80 निघत होतं, आज 30 च निघतं असं झालं तर घाबरण्याआधी पंपातली रबराची छोटी पांढरी झडप काढून उजेडात धरा. तिला बारीक चीर गेली की ओढ जाते. बहीण दोन दिवस रडली, मेथीचे लाडू खाल्ले, आणि दोष झडपेचा निघाला.

पहिल्या दिवशी वीस मिलीच निघेल. त्यावरून ‘मला दूधच नाही’ असं ठरवू नका. बाळ पंपापेक्षा फार चांगलं ओढतं. बाळाला पुरतं की नाही ते लघवीवरून कळतं: चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा, फिकट रंगाची.

ऑफिसात जागेचा प्रश्न येतोच. बहिणीला जुन्या खातेवह्यांची खोली मिळाली, खिडकीला ओढणी लावून. मातृत्व लाभाच्या कायद्यात बाळ 15 महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोन वेळा स्तनपानासाठी सुट्टी द्यायची तरतूद आहे. तिचा व्यवस्थापक कुरकुरला होता, हे सांगितल्यावर गप्प बसला. काढायची वेळ चुकवू नका, हे मात्र काटेकोर पाळा. मार्चअखेरच्या गर्दीत तिनं सलग दोन दिवस दुपारचं काढलं नाही. तिसऱ्या दिवशी छातीत गाठ, लाल चट्टा आणि थंडी वाजून ताप. अशा वेळी त्या बाजूचं पाजणं बंद करायचं नसतं. पाजत राहायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं.

डब्या, आणि त्यावरची तारीख

दूध ठेवायला पेढे-मिठाईचे प्लास्टिक डबे किंवा किराण्याची पिशवी नको. घट्ट झाकणाच्या छोट्या काचेच्या बाटल्या, दुधासाठीच्या जाड पिशव्या, किंवा सरळ स्टीलच्या झाकणाच्या डब्या चालतात. आम्ही शंभर मिलीच्या स्टीलच्या डब्या घेतल्या. पडल्या तरी फुटत नाहीत आणि चुलीवर उकळता येतात. डबी, झाकण, भांडं आणि पंपाचे दुधाला लागणारे भाग साबणानं वेगळ्या टोपल्यात धुवायचे. सगळ्या भांड्यांच्या घमेल्यात नाही, तिथे कालच्या भाजीचं तेल असतं. मग पाच मिनिटं उकळून स्वच्छ फडक्यावर पालथे घालून वाळवायचे, पुसायचे नाहीत. पंपाची मोटर आणि हवेची नळी मात्र उकळायची नाही. ऑफिसात दोन वेळांच्या मध्ये धुणं होत नव्हतं, म्हणून बहीण उकळलेली दोन भांडी घेऊन जायची आणि हातानं काढायची. पंप घरी पहाटेसाठी.

डबीवर तारीख आणि वेळ टाकायला दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी आणि बॉलपेन. कागदाचं लेबल घामेजून निघून जातं. चिकटपट्टी फ्रीजरमधूनही सुटत नाही.

एका डबीत 60 ते 80 पेक्षा जास्त भरू नका. उरलेलं फेकावं लागतं तेव्हा जीव तुटतो. गोठवणार असाल तर वर बोटभर जागा सोडा, कारण गोठताना दूध फुगतं. आणि नुकतंच काढलेलं कोमट दूध आधीच्या थंड दुधात ओतू नका. ते आधी थंड होऊ द्या, मग मिसळा. नाहीतर थंड दूधही तापतं आणि आपण जपत आलेली साखळी आपणच तोडतो.

फ्रिज, लाईन आणि डीफ्रॉस्टचं बटण

पुस्तकी आकडे असे: खोलीचं तापमान 25 अंश किंवा कमी असेल तर ताजं दूध चार तास टिकतं. फ्रिजमध्ये चार अंशाला चार दिवस. उणे 18 अंशाच्या फ्रीजरमध्ये सहा महिने उत्तम. आता आपल्याकडे काय आहे ते बघा. एप्रिलमध्ये टिनाच्या घरात दुपारी 38-40 अंश असतात, तेव्हा तो चार तासांचा नियम विसरायचा. मी तर सांगते, काढलं की दहा मिनिटांत बर्फात. माठाचा भरवसा धरू नका. माठातलं पाणी प्यायला गार लागतं, पण दूध राखण्याइतकं थंड नसतं. शिवाय पावसाळ्यात हवा दमट झाली की माठ तेवढंही करत नाही.

फ्रिजही आपल्याकडे बहुतेक एका दाराचा. त्यात वरचा बर्फाचा कप्पा वेगळा दरवाजा नसलेला, दर वेळी दार उघडलं की गरम हवा खाणारा. तो उणे 18 धरून राहतो असं समजू नका. अशा कप्प्यात दूध दोन आठवड्यांच्या वर ठेवायचं नाही. आणि खाली फ्रिजमध्ये चार दिवसांऐवजी मी दोनच दिवस म्हणते, कारण लाईन. डब्या दाराच्या कप्प्यात नकोत, मागच्या भिंतीला टेकवून ठेवा.

रात्री लाईन गेली होती की नाही, किती वेळ, हे सकाळी कसं कळणार? त्याला सोपी युक्ती आहे. एका वाटीत पाणी गोठवा आणि बर्फावर एक रुपयाचं नाणं ठेवा. वाटी बर्फाच्या कप्प्यात कायम राहू द्या. नाणं वरच दिसलं तर सगळं ठीक. नाणं मध्यात रुतलं किंवा तळाशी गेलं तर मधे बर्फ वितळला होता आणि मग पुन्हा गोठला. तेव्हा डब्या वरून दगडासारख्या दिसल्या तरी फसू नका. लाईन आली तेव्हाच तुम्ही जागे असाल तर डबी हलवून बघा. आत अजून बर्फाचे खडे असतील तर पुन्हा गोठवता येतं. पूर्ण पाणी झालं असेल पण थंडगार असेल तर गोठवू नका, त्याच दिवशी वापरा. थंडही नसेल तर टाकून द्या.

आमचा घात लाईननं नाही, बटणानं केला. एका दाराच्या फ्रिजमध्ये थर्मोस्टॅटच्या चकतीच्या मधोमध डीफ्रॉस्टचं बटण असतं. चैत्रात पाहुणे यायचे म्हणून बहिणीच्या घरी कोणीतरी बर्फाचा डोंगर काढायला ते दाबलं. संध्याकाळी ती घरी आली तेव्हा खालच्या ट्रेमध्ये पाणी आणि अकरा डब्यांचं दूध पातळ झालेलं. दोन आठवड्यांच्या पहाटा त्यात होत्या. कोणाला काय बोलणार? त्या दिवसापासून बटणावर चिकटपट्टी, आणि त्यावर मोठ्या अक्षरात ‘दाबू नका, बाळाचं दूध’.

पेटी

आता मुख्य भाग, आजीच्या घरी फ्रिज नसताना नऊ तास दूध थंड ठेवायचं. बर्फासोबत बंद पेटीत काढलेलं दूध चोवीस तासांपर्यंत चालतं, पण अट अशी की बर्फ खरंच बर्फ असला पाहिजे.

पेटीला पैसे घालू नका. मेडिकल स्टोअरवाल्याकडे इन्सुलिन आणि लसी थर्मोकोलच्या जाड पेटीत, जेल पॅकसकट येतात. पेट्या ते फेकून देतात. मागितल्यावर आम्हाला दोन मिळाल्या: एक मोठी आजीकडे ठेवायला, एक लहान ऑफिसला. पेटी आतून साबणानं धुऊन उन्हात वाळवली. जेल पॅक कमी पडले तर अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटल्या तीन चतुर्थांश भरून गोठवा. मोठ्या पेटीला चार बाटल्या लागल्या. एका दाराच्या फ्रीजरला चार बाटल्या एका रात्रीत गोठवताना नाकी नऊ येतात, रात्री लाईन गेली तर होतच नाही. म्हणून आठ बाटल्या केल्या. चार पेटीत, चार फ्रीजरमध्ये, आलटून पालटून.

भरायचं असं. तळाशी एक बाटली आडवी, दोन बाजूंना दोन, मध्ये सुती फडक्यात गुंडाळलेल्या डब्या, वर चौथी बाटली. जिथे रिकामी जागा राहते तिथे जुन्या सुती साडीचे तुकडे कोंबा. पेटीतली रिकामी हवा हाच बर्फाचा शत्रू, दर वेळी झाकण उघडलं की ती निघून गरम हवा आत येते. डबीला फडकं यासाठी की ती बर्फाला थेट चिकटली तर कडेनं गोठते. गोठणं वाईट नाही, पण मग वितळल्यावर त्याला वितळलेल्या दुधाचे नियम लागतात. झाकणाच्या फटीवर चिकटपट्टी लावा.

आईनं पहिल्या दिवशी पेटी ओट्यावर ठेवली, दिसत राहावी म्हणून. दुपारी ऊन फिरलं आणि पेटी उन्हात. आता ती मधल्या खोलीत पलंगाखाली, जिथे सकाळपासून अंधार असतो, आणि वरून गोधडी. गोधडीवरून माझं आणि आईचं भांडणच झालं.

“गोधडीनं त बर्फ लवकर वितळन ना व?” आई म्हणाली.

मी म्हटलं, “आई, जत्रेतला बर्फाचा गोळेवाला लादीवर पोतं कशाले टाकते? पोतं काढलं की बर्फ जाते.” गोधडी स्वतः गरम नसते. ती आतली ऊब बाहेर जाऊ देत नाही आणि बाहेरची आत येऊ देत नाही. आत बर्फ असेल तर बर्फ राखते. आईला पोत्याचं पटलं.

पेटी फक्त पाजायच्या वेळीच उघडायची, डबी काढली किंवा परत ठेवली की लगेच बंद. आणि पेटीत बाकी काहीही ठेवायचं नाही. भावाच्या मुलांनी एकदा त्यात पेप्सीकोला ठेवला होता. मग दर दहा मिनिटांनी झाकण.

संध्याकाळी पेटी उघडून बाटल्या हलवायच्या. हा रोजचा निकाल. बाटलीत लिंबाएवढा तरी बर्फाचा खडा वाजला तर दिवस पास, आणि न उघडलेली राखीव डबी घरी फ्रिजमध्ये परत जाऊ शकते. तिची तारीख मात्र काढल्या दिवसाचीच धरायची. सगळं पाणी झालं पण बोट घातल्यावर बोचरं थंड लागलं तर आजचं निभावलं, उद्या पाचवी बाटली घाला. राखीव डबी मात्र परत नेऊ नका. पाणी नुसतं गार असेल तर उरलेलं सगळं टाका. मे महिन्यात आम्हाला पाचवी बाटली लागली. दिवाळीनंतर तीनमध्ये भागलं, आणि कापसाच्या वेचणीच्या दिवसांत आई वावरात गेली तेव्हा पेटी बांधावरच्या निंबाखाली पोत्यात गुंडाळून राहिली.

कधी बहिणीला जाता आलं नाही तर पेटी दुसऱ्याच्या हाती जाते. गावचा ऑटोवाला, दूध डेअरीला जाणारा चुलत भाऊ. अशा वेळी त्याला फक्त दोन गोष्टी सांगायच्या: पेटी उघडायची नाही, आणि वाटेत पानटपरीवर थांबायचं नाही. निघताना आणि पोहोचल्यावर फोन. पेटीवर आईच्या नावाची चिठ्ठी. एकदा ऑटोवाल्यानं पेटी इंजिनच्या बाजूला ठेवली होती, म्हणून आता मी जागाही सांगते: मागच्या सीटवर, सावलीत.

आजीच्या हातात

आजीला वेळापत्रकापेक्षा कारणं सांगावी लागतात, नाहीतर ती तिच्या अनुभवानं वागते, आणि तिचा अनुभव म्हशीच्या दुधाचा असतो. आईचा पहिला प्रश्न होता, “हे दूध त पाण्यावानी दिसते. ह्यानं लेकराचं पोट भरन काय?” आईचं दूध पातळ, निळसरही दिसू शकतं. ठेवलं की वर पिवळसर थर येतो. ती साय समजून काढून टाकायची नाही, तीच त्यातली चरबी. डबी हळूच गोल फिरवली की मिसळते. जोरात खळखळवायची गरज नाही.

दुसरा प्रश्न, उकळायचं कधी? उकळायचंच नाही. म्हशीचं दूध उकळतो कारण ते गोठ्यातून येतं. आईच्या दुधात बाळाला रोगापासून जपणारे घटक असतात, ते उकळल्यावर मरतात. गॅसवर नको, चुलीच्या वैलावरही नको, मायक्रोवेव्ह असेल तर त्यातही नको, त्यात दूध एका जागी तोंड भाजेल इतकं तापतं. डबीतून लागेल तेवढंच, आधी चाळीस-पन्नास मिली, उकळलेल्या वाटीत ओतायचं. डबी झाकून लगेच पेटीत परत. मग ती वाटी कोमट पाण्याच्या मोठ्या वाडग्यात तीन-चार मिनिटं धरायची. मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून बघायचा: ना गरम, ना गार. खरं तर थंड दूधही चालतं आणि कित्येक लेकरं पितात, पण ते आजीला पटवायच्या फंदात मी पडले नाही.

पाजायला बाटली नको, वाटी-चमचा किंवा गोकर्ण. बाटलीचं बोंड नीट स्वच्छ होत नाही, आणि बाटलीची सवय लागली की काही लेकरं अंगावर प्यायला कंटाळा करतात. आमच्या आईकडे जुनं पितळी गोकर्ण होतं. कल्हई गेलेली, म्हणून तो मोह टाळला आणि स्टीलचं आणलं. बाळाला मांडीवर बसतं धरायचं, गोकर्णाची चोच खालच्या ओठावर टेकवायची आणि बाळानं जिभेनं ओढू द्यायचं. तोंडात ओतायचं नाही, ठसका लागतो. पंधरा-वीस मिनिटं लागतातच. बाळानं तोंड फिरवलं की थांबायचं, डबी संपवायची म्हणून पाजायचं नाही. बाळाचं तोंड लागलेलं उरलं तर दोन तासांपर्यंत चालतं असं मानतात. आमच्या उन्हात मी आजीला सांगितलं, लगेच टाकून दे. आई ते कढीपत्त्याच्या झाडाला घालायची.

गोठवलेलं वितळवताना

गोठवलेला साठा बहिणीला वर्षभरात सहा-सात वेळाच लागला: ती आजारी पडली तेव्हा, आणि एकदा लेखापरीक्षणासाठी रात्री उशीर झाला तेव्हा. सगळ्यात जुनी तारीख आधी. आदल्या रात्री बर्फाच्या कप्प्यातून खाली फ्रिजमध्ये ठेवलं की सकाळपर्यंत वितळतं. हीच पद्धत बरी. घाई असेल तर बंद डबी आधी साध्या, मग कोमट पाण्यात. पाणी झाकणापर्यंत येऊ देऊ नका, फटीतून आत जातं.

पूर्ण वितळलं की फ्रिजमध्ये चोवीस तास, बाहेर काढल्यावर एक-दोन तास, आमच्याकडे एकच तास. पुन्हा गोठवायचं नाही. ताज्या दुधात जंतूंना रोखायची जी ताकद असते ती गोठून वितळल्यावर कमी होते, म्हणून ते लवकर बिघडतं.

वितळलेल्या दुधाला कधी साबणासारखा वास येतो. तो बिघडल्याचा नसतो. दुधातल्या एका पाचक द्रव्यानं चरबी फोडल्यानं तसं होतं आणि दूध सुरक्षित असतं. आंबट वास आला आणि हलवल्यावरही गुठळ्या मिसळल्या नाहीत तर मात्र बिघडलं. अडचण एवढीच की साबणाच्या वासाचं दूध काही लेकरं नाकारतात. म्हणून पंधरा डब्या भरण्याआधी एकच डबी गोठवा, आठवड्यानं वितळवा, स्वतः चाखा आणि बाळाला द्या. नाकारलं तर पुढच्या खेपेला काढल्या काढल्या दूध मंद आचेवर कडेला बारीक बुडबुडे येईपर्यंत तापवा, उकळू देऊ नका, भांडं थंड पाण्यात ठेवून निववा आणि मग गोठवा. हे फक्त ज्यांना गरज आहे त्यांनीच करायचं, आणि फक्त गोठवायच्या दुधाला. तापवल्यानं काही चांगले घटक जातातच.

हे सगळं पूर्ण दिवसांच्या, धडधाकट बाळासाठी आहे. बाळ कमी दिवसांचं किंवा आजारी असेल, किंवा आई कुठली औषधं घेत असेल, तर साठवणुकीचे नियम जास्त कडक लागतात, ते डॉक्टरला विचारूनच.

बहिणीची मुलगी सहा महिन्यांची झाली आणि आजीनं वरणाचं पाणी नाही, घट्ट वरण-भात कुस्करून सुरू केला, तेव्हा दुपारची एक डबी आपोआप कमी झाली. मोठी पेटी मी परत मागितली होती, दुसऱ्या एका बाईसाठी. आईनं दिली नाही. म्हणाली, राहू दे, त्यात आता दही चांगलं लागते.